एका पावलात एकच बदल

मराठी शाळेत अक्षरगणवृत्तं शिकलेल्या बहुतेकांना एक सूत्र तोंडपाठ असतं: यमाताराजभानसलगा. त्यातली लागोपाठची तीन-तीन अक्षरं घेत पुढे सरकलं की वृत्तांचे आठही गण मिळतात. ‘यमाता’ म्हणजे लघु, गुरु, गुरु. हा य गण. ‘मातारा’ म्हणजे तिन्ही गुरु. हा म गण. याच रीतीनं पुढचे सहा. लघुला ‘ल’ आणि गुरुला ‘ग’ म्हटलं तर यादी अशी होते: य म्हणजे लगग, म म्हणजे गगग, त म्हणजे गगल, र म्हणजे गलग, ज म्हणजे लगल, भ म्हणजे गलल, न म्हणजे ललल आणि स म्हणजे ललग. जागा तीन, प्रत्येक जागी पर्याय दोन, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन. नववा गण असूच शकत नाही.

आता या आठ गणांमध्ये शेजार ठरवू. ज्या दोन गणांमध्ये नेमक्या एकाच जागेचा फरक आहे ते शेजारी, बाकीचे नाहीत. म गणातलं शेवटचं अक्षर लघु केलं की त मिळतो, मधलं केलं की र, पहिलं केलं की य. म्हणजे म गणाला तीन शेजारी. प्रत्येक गणात बदलण्यासारख्या जागा तीनच असल्यामुळे प्रत्येकाचे शेजारीही तीनच. कागदावर आठ ठिपके काढा, त्यांना गणांची नावं द्या आणि शेजाऱ्यांना रेषांनी जोडा. आठ ठिपक्यांतून तीन-तीन रेषा निघतात, पण प्रत्येक रेष दोन्ही टोकांकडून मोजली जाते, म्हणून रेषा बारा. आठ कोपरे आणि बारा कडा असलेली ही आकृती म्हणजे आपला ओळखीचा घन. आपण भूमिती केलीच नव्हती, फक्त अक्षरं बदलली होती, तरी घन मिळाला.

अक्षरं तीनऐवजी चार घेतली तर सोळा नमुने होतात. त्यांची आकृती डोळ्यांपुढे आणायचा आटापिटा करण्याची गरज नाही. तीन अक्षरांचा एक घन घ्या आणि त्यातल्या प्रत्येक नमुन्याच्या आधी ग लावा. तसाच दुसरा घन घ्या आणि त्याच्या आधी ल लावा. मग दोन्ही घनांतले सारखे कोपरे एकमेकांना जोडा, कारण त्यांच्यात फरक फक्त पहिल्या अक्षराचा आहे. कडा झाल्या बारा, बारा आणि जोडणाऱ्या आठ, एकूण बत्तीस. या आलेखाला चार मितींचा हायपरक्यूब म्हणतात. पाच मितींचा हवा असेल तर चार मितींचे दोन घेऊन तसंच जोडायचं. दहा मितींपर्यंत गेलात की कोपरे 1,024 आणि कडा 5,120 होतात. चित्र काढता येत नाही, पण कोण कोणाचा शेजारी हे एका नजरेत सांगता येतं: नमुने एकाखाली एक लिहा आणि किती जागी वेगळे आहेत ते पाहा. दोन घन जोडून मोठा हायपरक्यूब होतो, ही गोष्ट लक्षात असू द्या. पुढची सगळी युक्ती त्यावर उभी आहे.

प्रश्न असा आहे. घनाच्या कडांवरून चालत, प्रत्येक कोपऱ्याला एकदाच भेट देऊन, निघालो तिथे परत येता येईल का? गणांच्या भाषेत सांगायचं तर आठही गण एका वर्तुळात असे मांडता येतील का, की प्रत्येक गणातून पुढच्यात जाताना एकच अक्षर बदलेल आणि शेवटच्यातून पहिल्यात जातानाही एकच? सूत्राचा क्रम इथे चालत नाही. य ते म ठीक आहे, म ते त ठीक आहे, पण त ते र जाताना गगलचं गलग होतं, म्हणजे दोन अक्षरं बदलतात; र ते ज जाताना तर तिन्ही. पिंगलाच्या छंदःशास्त्रातल्या प्रस्ताराचा क्रम आहे म, य, र, स, त, ज, भ, न. तो सगळे नमुने एकही न गाळता लिहून काढण्यासाठी उत्तम आहे, पण त्यातही स ते त जाताना ललगचं गगल होतं आणि एकही अक्षर जागेवर राहत नाही. आज संगणकात आकडे मोजतात ती द्विमान पद्धत याच जातीची आहे. तीन म्हणजे 011 आणि चार म्हणजे 100; एकनं पुढे जायला तिन्ही अंक उलटतात.

फेरी शोधण्याआधी घनाच्या स्वभावातली एक गोष्ट पाहायला हवी. प्रत्येक गणातले लघु मोजा. म मध्ये शून्य, भ मध्ये दोन, स मध्ये दोन, ज मध्ये दोन. या चारांत लघुंची संख्या सम आहे. त, र आणि य मध्ये एकेक आणि न मध्ये तीन. या चारांत ती विषम आहे. म्हणजे आठ गणांचे दोन तट पडले: म, भ, स, ज एकीकडे आणि त, र, य, न दुसरीकडे. आता कडेवरून एक पाऊल टाकलं म्हणजे काय होतं? एका ग चा ल होतो किंवा एका ल चा ग. लघुंची संख्या एकनं वाढते किंवा एकनं कमी होते, म्हणून सम असेल तर विषम आणि विषम असेल तर सम होते. प्रत्येक पाऊल तट बदलायला लावतं. एका तटातल्या दोन गणांना जोडणारी कड एकही नाही. अशा आलेखाला बायपार्टाइट म्हणतात, आणि अक्षरं कितीही घेतली तरी हायपरक्यूब बायपार्टाइटच राहतो. दोन्ही तट सारखे मोठेही असतात, कारण पहिलं अक्षर उलटवलं की सम तटातल्या प्रत्येक नमुन्याला विषम तटातला एक जोडीदार मिळतो.

एवढ्या छोट्या निरीक्षणातून बरंच काही हाती लागतं. निघालो तिथे परत यायचं तर तट जितक्या वेळा ओलांडला तितक्याच वेळा उलट ओलांडायला हवा, म्हणून हायपरक्यूबवरची कुठलीही फेरी सम पावलांचीच असते. समजा न गण वगळून उरलेल्या सात गणांची फेरी करायची आहे. सगळे रस्ते तपासत बसायचं कारण नाही. सात कोपऱ्यांची फेरी म्हणजे सात पावलं, आणि सात विषम आहे. फेरी होणार नाही.

परत न येता सगळ्या कोपऱ्यांतून एकदा जायचं असेल तर टोकं कुठे येतील हेही तट सांगतात. तीन अक्षरांत गगग पासून ललल पर्यंत, सगळ्या गणांना भेटत जाता येईल का? आठ कोपऱ्यांना सात पावलं लागतात, सात पावलांनंतर आपण विरुद्ध तटात असतो, आणि न गण खरोखरच म च्या विरुद्ध तटात आहे. म्हणजे अडचण नाही, आणि रस्ताही सापडतो: म, त, भ, र, स, य, ज, न. आता तोच प्रश्न चार अक्षरांत विचारा, गगगग पासून लललल पर्यंत. सोळा कोपरे, पंधरा पावलं, शेवट विरुद्ध तटात यायला हवा. पण लललल मध्ये लघु चार, म्हणजे तो आरंभाच्याच तटातला. असा रस्ता नाही आणि कधीच सापडणार नाही. तीनला जमतं ते चारला का जमत नाही, हे चित्र पाहून कोणाला सुचलं नसतं.

तट मात्र फक्त ‘नाही’ म्हणू शकतात. ते आडवे आले नाहीत म्हणून फेरी असेलच असं होत नाही. एका सरळ ओळीत जोडलेले चार ठिपके घ्या. त्यांचेही दोन-दोनचे सारखे तट पडतात, पण ओळीला टोकं असतात आणि फेरी होत नाही. प्रत्येक कोपऱ्यातून एकदाच जाणाऱ्या फेरीला विल्यम रोवन हॅमिल्टन या आयरिश गणितज्ञाचं नाव मिळालं आहे. त्यानं 1857 मध्ये बारा पंचकोनी बाजू आणि वीस कोपरे असलेल्या आकृतीवर अशा फेरीचा एक खेळ तयार केला होता. कुठलाही आलेख दिला तर त्यात हॅमिल्टन फेरी आहे की नाही हे झटपट ठरवणारी सर्वसाधारण रीत आजही कोणाला माहीत नाही. म्हणूनच हायपरक्यूबमध्ये ती इतक्या सहज बांधता येते याचं मला फार अप्रूप वाटतं.

बांधणी अशी. एका अक्षराची यादी: ग, ल. तिच्याखाली तीच यादी उलट क्रमानं लिहा: ल, ग. वरच्या अर्ध्याच्या आधी ग लावा, खालच्या अर्ध्याच्या आधी ल. मिळालं गग, गल, लल, लग. पुन्हा तेच करा. ही चारांची यादी, तिच्याखाली तीच उलटी, वरच्यांना ग आणि खालच्यांना ल. आता यादी झाली गगग, गगल, गलल, गलग, ललग, ललल, लगल, लगग. गणांची नावं लावा: म, त, भ, र, स, न, ज, य. आणि य मधून परत म. प्रत्येक पावलाला एकच अक्षर बदलतं हे बोट ठेवून तपासता येईल. तटही पाहा: म सम, त विषम, भ सम, र विषम, असे आळीपाळीनं येतात.

हे का जमतं ते नीट पाहण्यासारखं आहे. वरच्या अर्ध्यात पहिलं अक्षर स्थिर आहे आणि उरलेली आधीच्या यादीप्रमाणे चालतात, म्हणून तिथे एकच बदल होतो हे आधीच ठाऊक आहे. खालच्या अर्ध्यात तीच यादी उलट चालते; उलट चाललं तरी पावलं तीच. प्रश्न फक्त दोन सांध्यांचा. मधल्या सांध्यावर आधीच्या यादीचा शेवटचा नमुना वरही आहे आणि खालीही, म्हणून फरक फक्त पहिल्या अक्षराचा: गलग नंतर ललग. शेवटाकडून सुरुवातीला जाताना आधीच्या यादीचा पहिला नमुना दोन्हीकडे आहे, म्हणून तिथेही फरक पहिल्याच अक्षराचा: लगग नंतर गगग. दोन घन जोडून मोठा हायपरक्यूब होतो असं वर म्हटलं होतं. इथे एका घनात चालून झालं की जोडणाऱ्या कडेवरून दुसऱ्यात जायचं, तिथे आलो त्याच वाटेनं मागे यायचं आणि शेवटी दुसऱ्या जोडकडेवरून घरी. यादी उलटी न करता जशीच्या तशी खाली लिहिली असती तर सगळा डाव सांध्यावरच फसला असता: गलग नंतर लगग आलं असतं, दोन अक्षरांचा बदल.

कितव्या पावलाला कुठली जागा बदलते हे उजवीकडून मोजून लिहिलं तर तीन अक्षरांसाठी क्रम येतो 1, 2, 1, 3, 1, 2, 1 आणि परतताना पुन्हा 3. चार अक्षरांसाठी 1, 2, 1, 3, 1, 2, 1, 4, 1, 2, 1, 3, 1, 2, 1 आणि परतताना 4. सोळा पावलांपैकी आठ एकट्या शेवटच्या जागेची. ही असमानता आरशाच्या पद्धतीचा अंगभूत गुण आहे, हायपरक्यूबचा नव्हे. चार अक्षरांत प्रत्येक जागा बरोबर चार वेळा बदलेल अशाही फेऱ्या आहेत. कुठून निघालो आणि कुठल्या दिशेनं गेलो याकडे दुर्लक्ष केलं तर तीन मितींत हॅमिल्टन फेऱ्या 6 आहेत, चार मितींत 1,344 आणि पाच मितींत 90,65,45,760. आरशातून येणारी फेरी त्यांतली एक, पण कुठल्याही मितीत डोळे मिटून लिहिता येते ती हीच.

तिचं नाव ग्रे कोड. फ्रँक ग्रे हे अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधले भौतिकशास्त्रज्ञ. आवाजाचे विद्युत संकेत आकड्यांमध्ये बदलण्यासाठी त्यांनी एक निर्वात नळी योजली होती. नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत छिद्रं पाडलेल्या पट्टीवरून आडवा फिरे. विद्युतदाब जितका, तितक्या उंचीच्या ओळीवरून झोत जाई, आणि त्या ओळीतली छिद्रं म्हणजे त्या दाबाचा आकडा. झोत दोन ओळींच्या सीमेवर पडला तर काही छिद्रं वरच्या ओळीची आणि काही खालच्या ओळीची वाचली जात. नेहमीच्या द्विमान क्रमात अशी सरमिसळ झाली की भलताच आकडा निघे. शेजारच्या ओळींत एकाच छिद्राचा फरक ठेवला तर सरमिसळीतून निघणारा आकडा या दोन ओळींपैकीच एकाचा असणार. ग्रे यांनी नोव्हेंबर 1947 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ते 17 मार्च 1953 रोजी मंजूर झालं. त्यांनी स्वतः या पद्धतीला ‘परावर्तित’ म्हटलं होतं, कारण ती आरशासारखी उलटवून बनते.

तीच अडचण आज फिरणाऱ्या दांड्याचा कोन मोजणाऱ्या एन्कोडरमध्ये भेटते. मोटारीच्या दांड्यावर एक चकती बसवलेली असते. चकतीवर एकात एक अशी वर्तुळाकार पट्ट्यांची रांग असते. प्रत्येक पट्टीत काही भाग पारदर्शक आणि काही काळा. प्रत्येक पट्टीसमोर एक प्रकाशसंवेदक असतो आणि तो 0 किंवा 1 वाचतो. चार पट्ट्या असतील तर चकतीचे सोळा भाग पडतात, प्रत्येक साडेबावीस अंशांचा. साध्या द्विमान क्रमात सातवा भाग 0111 आणि आठवा 1000. सीमा ओलांडताना चारही संवेदकांनी एकाच क्षणी पालटायला हवं, पण ते एका रेषेत केसभर चुकीशिवाय बसवणं शक्य नसतं. डावीकडचा संवेदक आधी पालटला तर क्षणभर 1111 वाचलं जातं, म्हणजे पंधरावा भाग. दांडा जागच्या जागी आहे आणि यंत्राला वाटतं तो जवळजवळ अर्धा फेरा पुढे गेला. ग्रे कोडमध्ये सातवा भाग 0100 आणि आठवा 1100. पालटायचा तो एकच संवेदक. तो लवकर पालटो की उशिरा, वाचन सात किंवा आठच येणार.

शिवाय सगळ्यात बारीक पट्टीवरचे काळे भाग दुप्पट रुंद होतात. द्विमान क्रमात शेवटचा अंक प्रत्येक पावलाला उलटतो, म्हणून सोळा भागांच्या चकतीवर आठ काळे तुकडे छापावे लागतात. ग्रे क्रमात तो एकाआड एक पावलाला उलटतो, म्हणून चारच पुरतात. आणि भागाचा क्रमांक ठाऊक असेल तर त्याचा ग्रे कोड काढायला यादी लिहावी लागत नाही:

```
gray = b ^ (b >> 1)
```

आकडा द्विमान पद्धतीत लिहा, तोच एक घर उजवीकडे सरकवून खाली लिहा, आणि वरखालचे अंक सारखे असतील तिथे 0, वेगळे असतील तिथे 1 मांडा. सातसाठी 0111 च्या खाली 0011, उत्तर 0100.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. ग्रे कोड सीमेवरच्या गोंधळापासून वाचवतो, बिघडलेल्या संवेदकापासून नाही. चार मितींच्या हायपरक्यूबला कडा बत्तीस आहेत आणि फेरी त्यांतल्या सोळाच वापरते. उरलेल्या सोळा कडा फेरीवरच्या दूरदूरच्या जागा जोडतात. 0000 म्हणजे भाग शून्य आणि 0100 म्हणजे भाग सात. दोघांत एका अंकाचा फरक आहे, पण चकतीवर सात भागांचं अंतर. उजवीकडून तिसऱ्या पट्टीसमोर धूळ बसून तो संवेदक कायम 0 च देऊ लागला, तर दांडा सरळ पुढे फिरत असताना वाचन असं येतं: 0, 1, 2, 3, 3, 2, 1, 0, 15, 14, 13, 12, 12, 13, 14, 15. यंत्राला वाटतं दांडा पुढे गेला, थबकला, मागे फिरला, पुन्हा थबकला आणि पुढे आला. बांधणीत ठेवलेला आरसा बिघाडातही दिसतो. त्यामुळे एकाच दिशेनं फिरणाऱ्या दांड्याचं वाचन एखाद्या जागी थबकून आल्या वाटेनं परतू लागलं, तर एखादी पट्टी मुकी झाल्याचा संशय घ्यावा आणि थबकण्याच्या जागेवरून ती कुठली ते शोधावं. तटांचाही इथे उपयोग होतो. नीट चालणाऱ्या चकतीवर लागोपाठच्या दोन वेगळ्या वाचनांतल्या 1 ची संख्या आळीपाळीनं सम आणि विषम यायला हवी. दोन वेगळी वाचनं एकाच तटातली आली, तर मधलं एक पाऊल नक्की निसटलं आहे.

आता खरी कसोटी. यंत्रांना सोळा किंवा 512 भाग नको असतात, त्यांना अंश हवे असतात, म्हणजे 360 भाग. आठ पट्ट्यांत 256 च मावतात, म्हणून नऊ पट्ट्या घ्याव्या लागतात आणि त्यांत 512 नमुने मिळतात. त्यांतले पहिले 360 वापरले तर काय होतं? शून्य ते 359 पर्यंत सगळं सुरळीत चालतं. पण फेरा पूर्ण होताना 359 चा ग्रे कोड 111010100 आहे आणि शून्याचा 000000000. पाच पट्ट्या एकदम पालटतात. जो दोष टाळायला एवढा खटाटोप केला तोच फेऱ्याच्या तोंडाशी येऊन उभा राहतो, आणि तोही दर फेऱ्याला एकदाच, त्यामुळे चाचणीत सहज नजरेआड होतो.

उपाय आरशातच आहे. यादीचा खालचा अर्धा भाग वरच्याची उलटी प्रत असल्यामुळे सुरुवातीपासून जितके नमुने सोडाल तितकेच शेवटून सोडले, तर उरलेल्या तुकड्याची दोन्ही टोकं एकमेकांची प्रतिबिंबं असतात आणि त्यांच्यात फक्त पहिल्या अंकाचा फरक असतो. 512 मधून 360 वजा केले की 152 उरतात, त्यांचे निम्मे 76. म्हणून 76 पासून 435 पर्यंतचे नमुने वापरायचे. पडताळून पाहू. 76 म्हणजे द्विमान 001001100, त्याचा ग्रे कोड 001101010. 435 म्हणजे 110110011, त्याचा ग्रे कोड 101101010. फरक खरोखरच पहिल्या अंकाचाच आहे. चकती वाचून आलेल्या क्रमांकातून 76 वजा केले की अंश मिळतात. दहा भागांची चकती हवी असेल तर चार पट्ट्यांत दोन्हीकडचे तीन-तीन सोडून 3 ते 12 घ्यायचे: 3 चा कोड 0010 आणि 12 चा 1010. कुठलीही सम संख्या या रीतीनं साधते.

विषम संख्या मात्र साधत नाही. वर्षाच्या दिवसांसाठी 365 भागांची चकती करायची म्हटलं, तर नऊ पट्ट्या घ्या की नव्वद, क्रम आरशातून काढा की संगणकाकडून शोधून घ्या, प्रत्येक सीमेवर एकच पट्टी पालटेल अशी चकती होणार नाही. सात गणांची फेरी ज्या कारणानं अडली होती त्याच कारणानं: 365 पावलांत तट सुरुवातीचा राहत नाही. वाट एकच आहे. प्रत्येक दिवसाचे दोन भाग करा, 730 भागांसाठी दहा पट्ट्या घ्या आणि 1,024 मधले दोन्हीकडचे 147 सोडा.

कोपरे वगळण्याच्या या प्रश्नांत एक असा होता, ज्यानं गणितज्ञांना तीसेक वर्षं झुंजवलं. आठ गणांतून एकटा न वगळला तर फेरी अडते हे पाहिलं. न बरोबर म ही वगळला, तर एक सम तटातला आणि एक विषम तटातला गेला, तोल राहिला. उरलेल्या सहांची फेरी होते: त, भ, र, स, य, ज आणि परत त. इथे एक किंवा दोन लघु असलेलेच गण आले, म्हणजे घनाचे मधले दोन थर. पाच अक्षरांत मधले थर म्हणजे दोन किंवा तीन लघु असलेले नमुने, दहा आणि दहा. सात अक्षरांत तीन किंवा चार लघु असलेले, पस्तीस आणि पस्तीस. अक्षरांची कुठलीही विषम संख्या घेतली तरी मधल्या दोन थरांतून हॅमिल्टन फेरी होतेच का? आरसा इथे मदत करत नाही, कारण तो थरांची पर्वा न करता वरखाली जातो. 1980 च्या दशकात नावारूपाला आलेल्या या प्रश्नाचं ‘होय’ असं उत्तर टॉर्स्टन म्युट्झ्ये या जर्मन गणितज्ञानं सिद्ध केलं, आणि ती सिद्धता 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. पाच अक्षरांच्या वीस नमुन्यांची फेरी मात्र कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही शोधता येईल. गगगलल पासून सुरुवात करा, आणि एका पावलात एकच अक्षर बदला.